‘फास्ट ढोल आणि वर सिंथचे थर’: नुसत्या वर्णनावरून संगीताचा प्रकार कसा ओळखावा

दादरच्या एका छोट्या स्टुडिओत मी जाहिराती, नाटकं, स्नेहसंमेलनं आणि नृत्यस्पर्धांसाठी पार्श्वसंगीत शोधून देतो. माणसं गाण्याचं नाव घेऊन क्वचितच येतात. ती वर्णन घेऊन येतात. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वर्णन म्हणजे ‘फास्ट ढोल, आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक सिंथ’. मुंबईत या एका वाक्याची निदान चार वेगवेगळी उत्तरं निघतात आणि चौघांचे श्रोते, प्रसंग, नाच सगळंच निराळं असतं. म्हणून हे एकच वर्णन धरून, त्याचं नावापर्यंत पोचायचं कसं, ते इथे लिहितो. शेवटी एक प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण आहे. त्यात माझा पहिला अंदाज चुकला होता, आणि तो का चुकला हेच खरं शिकण्यासारखं आहे.

आधी ढोल कोणता ते विचारा

‘ढोल’ हे वाद्याचं नाव आहे, संगीताच्या प्रकाराचं नाही. लोखंडवालातल्या लग्नात वाजतो तोही ढोल, गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत वाजतो तोही ढोल, आणि बोरिवलीच्या मैदानात नवरात्रात वाजतो तोही ढोलच. वर्णन करणाऱ्याला वाद्य दिसलेलं नसेल तरी आवाजावरून बरंच काढून घेता येतं.

पंजाबी ढोलाला दोन वेगळ्या काठ्या लागतात. जाड बाजूवर वाकडी, जड काठी पडते, तिला डग्गा म्हणतात. बारीक बाजूवर वेताची सडपातळ काठी पडते, ती तिल्ली. त्यामुळे एकाच वाद्यातून दोन आवाज येतात, खाली ‘धम्म’ आणि वर ‘टर्र-टक’. महाराष्ट्रातल्या पथकाच्या ढोलावर एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप असते. पण पथकातली ती बारीक, कडकडणारी लड ढोलाची नसतेच, ती ताशाची असते. म्हणजे तिथे वरचा आणि खालचा आवाज दोन वेगळ्या वाद्यांतून येतो, आणि ढोल एक नसून पंचवीस-पन्नास असतात. म्हणून खालचा ठोका धारदार न लागता थोडा पसरट, गर्दीचा लागतो. हा फरक सामान्य माणसालाही सांगता येतो. मी सरळ विचारतो, ‘एक माणूस वाजवतोय असं वाटतं की जमाव वाजवतोय?’ जमाव असं उत्तर आलं की मी ढोल-ताशाकडे वळतो. एक माणूस म्हटलं तर पंजाबी किंवा गुजराती.

मुंबईत चौथी शक्यता बेंजो पार्टीची. गणपती, दहीहंडी, हळद अशा प्रसंगी वाजणाऱ्या या ताफ्यात ढोल-ताशाबरोबर विजेवरचा बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड असतात. हा बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं बुलबुलतरंग, पिकअप लावून भोंग्यातून काढलेलं. त्याचा तो तारेचा, करकरीत आवाज ऐकून कितीतरी जण ‘इलेक्ट्रॉनिक सिंथ’ म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही, तो आवाज खरोखर विजेवरच चालतो. पण नाव शोधणाऱ्याने फसू नये. ओळखायची खूण अशी: बेंजोचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो, म्हणून लांब स्वर टिकवायचा तर वादक तार परत परत छेडतो आणि स्वर थरथरत राहतो. सिंथचा स्वर बोट ठेवलंय तोवर सपाट टिकतो. ‘लांब सूर येतो तेव्हा तो थरथरतो की सरळ जातो?’ या एका प्रश्नावर माझ्याकडची निम्मी गणपतीतली प्रकरणं सुटतात.

‘फास्ट’ या शब्दावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त घोटाळा या शब्दाने होतो. माणूस ‘फास्ट’ म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा लय सांगत नसतो, ठोक्यांची दाटी सांगत असतो.

हिशोब करून पाहा. मिनिटाला 100 मात्रांचं भांगड्याचं गाणं घ्या. नाचणाऱ्याचे खांदे ज्या ठोक्यावर उडतात तो मिनिटाला 100 वेळा येतो, म्हणजे साधारण चालण्याच्याच वेगाने. पण तिल्ली प्रत्येक मात्रेत चार-चार ठोके भरायला लागली की मिनिटाला 400 ठोके कानावर पडतात. दुसरीकडे मिनिटाला 128 मात्रांचा गरबा घ्या, ज्यात मात्रेला तीन ठोके आहेत. तिथे होतात 384. म्हणजे लयीने हळू असलेला भांगडा कानाला गरब्यापेक्षा जलद वाटू शकतो. ताशाच्या लडीने तर हा भ्रम आणखी वाढतो.

म्हणून मी ‘फास्ट’ बाजूला ठेवतो आणि टाळ्या मागतो. समोरच्याला सांगायचं की गाणं मनात सुरू करा आणि जिथे पाय आपोआप पडतो तिथेच टाळी द्या, प्रत्येक ढोलाच्या ठोक्यावर नको. घड्याळ लावून 15 सेकंदांतल्या टाळ्या मोजायच्या आणि चाराने गुणायचं. आठवणीतून दिलेली लय चार-पाच मात्रांनी इकडेतिकडे होते, तेवढं चालतं. आपल्याला इथे आकड्यापेक्षा पट्टा हवा असतो.

यातही एक खोडी आहे. काही माणसं सहज दुप्पट टाळ्या देतात, काही निम्म्या. तुमचा आकडा 70 आला किंवा 140 आला, तर दोन्ही खरे असू शकतात. अशा वेळी टाळीऐवजी नाचाचं विचारा: ‘लोक उड्या मारत होते की झुलत, मान हलवत होते?’ ट्रॅप आणि डबस्टेप या प्रकारांत मोजणीचा वेग 140 च्या आसपास असतो, पण जड ठोका अर्ध्या वेगाने पडतो, म्हणून अंग 70 वर झुलतं. हाऊसमध्ये 120 ते 130 असतं आणि प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा खालचा जड ठोका असतो, तिथे पाय थांबत नाहीत. 170 च्या पुढचा, तुटक-तुटक पडणारा ड्रम असेल तर ड्रम अँड बेसचा विचार करावा. 108 च्या जवळ, लॅटिन झुलाव्याचा ‘बूम–च-बूम-चक’ असेल तर मूम्बाटन.

फोनमधून ऐकलेलं असेल तर सावध राहा

आज निम्मी वर्णनं मोबाईलवरच्या चित्रफितीतून येतात, आणि फोन दोन ठिकाणी दगा देतो.

फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. डग्ग्याचा ‘धम्म’ जवळजवळ गायब होतो आणि तिल्ली-ताशाची कडकड तेवढी उरते. असं ऐकणारा ‘खूप फास्ट, खूप टणत्कार’ असं सांगतो आणि जड ठोका कुठे पडतो हे त्याला सांगताच येत नाही. यावर उपाय सोपा आहे, त्याच चित्रफितीला इअरफोन लावून परत ऐकायला सांगा.

दुसरा दगा ध्वनिमुद्रणात असतो. मिरवणुकीतला प्रचंड आवाज फोनच्या मायक्रोफोनला झेपत नाही, म्हणून फोन आपोआप आवाज दाबतो. ढोलाचा ठोका पडला की सगळं खाली दबतं, ठोका गेला की बाकीचं वर येतं. ऐकताना वाटतं की संगीत ठोक्यागणिक धापा टाकतंय. आता गंमत अशी की क्लबच्या संगीतात नेमका हाच परिणाम मुद्दाम केला जातो. किक पडताना सिंथ दाबायचा, मग सोडायचा, याला साइडचेन म्हणतात. मग ‘सिंथ ठोक्यावर पंप होतो’ हे वर्णन खऱ्या ईडीएमचंही असू शकतं आणि साध्या पथकाच्या खराब मुद्रणाचंही. फरक करायचा तर विचारा, माणसांचा ओरडा आणि शिट्ट्याही त्याबरोबर दबतात का? दबत असतील तर ती फोनची करामत आहे.

दोन पायांच्या मध्ये किती ठोके?

लय मिळाली की मात्रेच्या आत शिरायचं. कारण 128 चा भांगडा, 128 चा गरबा आणि 128 चा ढोल-ताशा रिमिक्स टाळ्यांवरून वेगळे कळत नाहीत. फरक असतो तो दोन टाळ्यांमधल्या जागेत.

समोरच्याला टाळी देत देत तोंडाने ढोल बोलायला सांगा. शास्त्र नको, त्याला जसा ऐकू आला तसा. ‘टा-का-टा-का’ असं सरळ आलं की मात्रेचे दोन किंवा चार समान तुकडे आहेत. ‘धा-तिं-ना, धा-तिं-ना’ असं आलं की तीन. आणि ‘टाऽक-ट, टाऽक-ट’ असं लंगडत, पहिला लांब आणि दुसरा आखूड आलं की तो झोल आहे. भांगड्याच्या चालीत हाच असतो.

झोल आणि तीनचे तुकडे हे जवळचे नातेवाईक आहेत, त्यामुळे इथे घाई करू नये. झोलातही मात्रेचे तीन भाग मानले तर चालतं, फक्त मधला भाग रिकामा असतो. त्यामुळे एका मात्रेवरून निर्णय घेऊ नका, आकृती परत कधी सुरू होते ते मोजा. भांगड्याची नेहमीची चाल चार टाळ्यांनी परत येते. डग्गा पहिल्या टाळीवर ठणकतो, मग तिल्ली एकटी धावते, आणि उत्तरार्धात डग्गा दोनदा पाठोपाठ येतो. ‘धा ना ना ना, ना धा धा ना’ असं तोंडाने म्हणून पाहा, खांदे आपोआप उडतात. गरब्यातल्या हींच तालाला सहा मात्रा. तीन-तीनच्या दोन गटांत तो चालतो, म्हणजे दोन टाळ्यांत आकृती पुन्हा पहिल्या जागी येते. गरब्यात कहरव्याच्या चालीही सर्रास येतात, त्यामुळे तीनचे तुकडे नाहीत म्हणून गरबा नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. सहाची चाल आपल्या कोळीगीतांतही आहे. म्हणून सहा मोजून झाले की लगेच गुजरातकडे धाव घेऊ नये, आधी वरळी आणि वेसाव्याची आठवण ठेवावी.

सिंथ तिथे काय काम करतोय?

‘सिंथचे थर’ या शब्दांमागे तीन वेगळी कामं लपलेली असतात. एक थर मागे लांब पसरलेला असतो, ढगासारखा, त्याला पॅड म्हणतात. दुसरा सूर गातो, म्हणजे शहनाई, तुंबी किंवा बेंजोने वाजवली असती अशी धून तो घेतो, हा लीड. तिसरा खाली गुरगुरतो, तो बेस. मी सांगणाऱ्याला विचारतो, ‘तो सिंथ गुणगुणता येतो का?’ गुणगुणता आला तर लीड. ‘गुणगुणता येत नाही, पण पोटात जाणवतो’ असं कुणी म्हटलं तर बेस. आणि ‘काढून टाकला तर रिकामं वाटेल’ इतकंच सांगता आलं तर पॅड.

पण नावासाठी यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो वेगळाच: गाण्याचा सांगाडा कोणाचा, ढोलाचा की सिंथचा? हे तपासायला मनात एकेक काढून बघायचं. सिंथ काढला आणि तरी गाणं उभं राहिलं, मुखडा-अंतरा तसाच राहिला, तर ते मूळ लोकप्रकाराचंच आधुनिक रूप. ढोल काढला आणि तरी गाणं उभं राहिलं, चढत जाणारा भाग, एक क्षण शांतता, मग सगळं एकदम कोसळणं, हे सगळं तसंच राहिलं, तर ते क्लबचं संगीत आणि ढोल हा त्यावरचा रंग.

याला कारण आहे. भांगड्यात सिंथ घातला म्हणून नवा प्रकार होत नाही. साउथॉल आणि बर्मिंगहॅमच्या पंजाबी बँडांनी 1980 च्या दशकातच ढोलाशेजारी कीबोर्ड आणि ड्रम मशीन आणून ठेवली. आज आपण ज्याला साधा भांगडा म्हणतो त्यात सिंथ घरचाच आहे. गरब्यातही तेच झालं. त्याच दशकात मुंबईत बाबला यांच्या डिस्को दांडियाने इलेक्ट्रॉनिक वाद्यं नवरात्रात नेली. म्हणजे ‘ढोल अधिक सिंथ’ एवढ्यावर ‘इलेक्ट्रो’ हा शब्द जोडला तर तो काहीच सांगत नाही. ढोल-ताशाचं मात्र उलट आहे. पथकात सिंथ नसतो, त्यामुळे पथकाच्या ठोक्यावर सिंथ ऐकू आला की कोणीतरी तो नंतर बसवलाय, हे जवळजवळ नक्की.

नाव कसं बांधायचं

मी नाव दोन शब्दांत बांधतो. पहिला शब्द मुळाचा, म्हणजे ढोल आणि त्याची चाल जिथून आली ते. दुसरा शब्द मांडणीचा, म्हणजे किक कुठे पडते आणि गाणं कसं चढतं-उतरतं ते. भांगडा हाऊस, ढोल-ताशा ट्रॅप, गरबा ईडीएम अशी ती नावं होतात. सांगाडा ढोलाचा असेल तर दुसरा शब्द मी लावतच नाही, नुसतं ‘भांगडा’ म्हणतो आणि टिपणात ‘सिंथ ठळक’ असं लिहितो.

एकाच गोष्टीला तीन नावं चालतील अशा वेळी मी सर्वांत अरुंद नाव घेतो. ‘फ्यूजन’ हा शब्द मी वापरत नाही, कारण तो शब्द शोधपेटीत घातला तर सतार-गिटारपासून काहीही पुढ्यात येतं. ‘देसी बेस’ हा शब्द मी तेव्हाच वापरतो जेव्हा खालचा बेस हाच नायक असतो आणि वर ढोल, बँडबाजा किंवा नादस्वराचे तुकडे असतात. न्यूक्लियाचा 2015 सालचा ‘बास राणी’ हा अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांना तो रंग लगेच समजेल.

काही नावांना काळ आणि गाव चिकटलेलं असतं, ती सैल हाताने वापरू नयेत. ‘एशियन अंडरग्राउंड’ हे नाव 1990 च्या दशकातल्या लंडनचं आहे. तबला, सतार आणि ड्रम अँड बेस एकत्र करणारी ती मंडळी, त्यांतल्या तलविन सिंग यांना 1999 साली ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. आज अंधेरीत बनलेल्या ट्रॅकला ते नाव दिलं तर ऐकणारा भलत्याच गोष्टीची अपेक्षा धरतो.

आणि साम्य म्हणजे नाव नव्हे. याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. त्यांनी 1982 साली रोलंडच्या टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक तबकडी केली. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले, कारण ती हुबेहूब ॲसिड हाऊससारखी वाटते. पण शिकागोच्या ज्या ‘ॲसिड ट्रॅक्स’वरून त्या प्रकाराला नाव मिळालं, ती तबकडी 1987 ची. चरणजितजींच्या कामाला ‘ॲसिड हाऊससारखं’ म्हणणं बरोबर, ‘ॲसिड हाऊस’ म्हणणं मला पटत नाही. वर्णनावरून नाव देताना हा ‘सारखं’ शब्द जपून ठेवावा, वेळेला फार उपयोगी पडतो.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

गिरगावात मुलींचे नृत्यवर्ग घेणाऱ्या एका ताईंचा फोन आला. एका आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्या गटाने वापरलेला ट्रॅक त्यांना आवडला होता. ‘दादा, फास्ट ढोल आहे आणि वर ते इलेक्ट्रॉनिक सिंथचे थर. गाणं नाही, नुसतं म्युझिक. याला म्हणतात काय? मला तसंच काहीतरी हवंय.’ चित्रफीत नव्हती, फक्त आठवण होती.

मी टाळ्या मागितल्या. 15 सेकंदांत 32 आल्या, म्हणजे 128. प्रत्येक टाळीवर खालून ‘धुप’ येतं का विचारलं, तर हो म्हणाल्या. ढोल एक माणूस वाजवतोय असं वाटलं, जमाव नाही. सिंथ गुणगुणता येईना, पण तो चढत जायचा, मग एकदम सगळं थांबायचं आणि पुन्हा कोसळायचं. इथवर मी निश्चिंत होतो. 128, प्रत्येक मात्रेवर किक, एकटा ढोल, चढण आणि कोसळणं. मी ‘भांगडा हाऊस’ असं लिहिलं आणि तीन नमुने पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: ‘वेग तोच आहे दादा, पण माझ्या मुली त्या स्टेप यावर टाकूच शकत नाहीत. पाय अडखळतात.’

हे वाक्य म्हणजे तयार उत्तर होतं. वेग तोच असताना पाय अडखळतात, याचा अर्थ मात्रेच्या आतली विभागणी वेगळी आहे. मी ती विचारलीच नव्हती. ‘एकटा ढोल’ ऐकलं आणि पंजाबच मनात धरलं, ही माझी चूक.

मग फोनवरच त्यांना टाळी देत ढोल बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘धा-तिं-ना धा-तिं-ना.’ तिन्ही अक्षरं सारख्या लांबीची, मधलं रिकामं नाही. ‘आता सांगा ताई, पहिला जोरकस धा परत कधी येतो?’ त्यांनी मोजलं, दोन टाळ्यांनी. सहाची चाल ठरली, भांगडा बाद झाला.

आता गरबा की कोळी? मी विचारलं, त्या मुलींची रांग होती की गोल? ‘गोल. मध्येच वळून टाळी द्यायच्या.’ मुलींच्या टाळ्या की ट्रॅकमधल्या? जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘ट्रॅकमध्येही होत्या. मुली त्यावरच देत होत्या.’ ध्वनिमुद्रणात बसवलेल्या टाळ्या, गोल फिरणं, सहाची चाल आणि काठीने वाजणारा खोल, गुंजणारा ढोल. कोळीगीताच्या वाद्यमेळात मला ढोलकीचा लवचिक, बोटांनी काढलेला आवाज अपेक्षित असता, तो त्यांना आठवत नव्हता. पारडं गरब्याकडे झुकलं.

राहिला दुसरा शब्द. डिस्को दांडिया म्हणावं का? मला तसं वाटलं नाही. त्या नावाने माणसाला गाणी, गायक आणि एकामागून एक जोडलेल्या चाली अपेक्षित असतात, इथे गाणंच नव्हतं. ढोल काढून पाहिला तर चढण, शांतता आणि कोसळणं हा सांगाडा उभा राहत होता, आणि किक प्रत्येक मात्रेवर होती. म्हणजे मांडणी हाऊसची. फक्त हाऊसमध्ये किकेच्या मधली जागा सहसा दोन-चारमध्ये तुटते, इथे ती तीनमध्ये तुटत होती, आणि मुलींचे पाय नेमके त्यावरच अवलंबून होते. शोधताना मी हे असं टाकलं:

```
garba house instrumental 128 bpm 6/8
garba edm no vocals triplet
```

पहिल्या ओळीने बरेच गायकांचे रिमिक्स दिले, ते सोडून दिले. दुसरीने कमी पण कामाचे निकाल आले. त्यातून तीन निवडून पाठवले, मुद्दाम एकमेकांपासून थोडे लांबचे. एक सिंथ जड असलेला, एक ढोल जड असलेला, आणि एक कहरव्यातला, केवळ पडताळ्यासाठी. कहरव्यातला त्यांनी लगेच नाकारला आणि तेव्हा माझी खात्री पटली. नमुने पाठवताना एखादा चुकीचा मुद्दाम घालावा हे मी तेव्हापासून नेमाने करतो. समोरचा माणूस तोही ‘हो हो, तसाच’ म्हणाला, तर समजायचं की तो सगळ्यालाच हो म्हणतोय आणि आपलं नाव अजून पक्कं झालेलं नाही.

ढोल जड असलेल्या ट्रॅकवर त्या म्हणाल्या, ‘हा तो नाही, पण जात हीच.’

खात्री नसेल तेव्हा

पुष्कळदा वर्णन इथवर पोचत नाही. माणसाला टाळी देता येत नाही, किंवा आठवण दहा वर्षांपूर्वीची असते. अशा वेळी मी एक नाव ठोकून देत नाही. दोन नावं देतो आणि त्या दोघांना वेगळं करणारा एकच प्रश्न सोबत देतो: ‘भांगडा हाऊस किंवा गरबा हाऊस, ढोल टाऽक-ट बोलतो की धा-तिं-ना?’ पुढे कधी तो ट्रॅक पुन्हा कानावर पडला तर माणूस त्या एका प्रश्नाचं उत्तर ऐकून घेतो आणि नाव स्वतःच ठरवतो.

आणि काही ट्रॅकना खरोखर दोन मुळं असतात. मुंबईत एकाच निर्मात्याने ताशाची लड, पंजाबी डग्गा आणि हींच एका ट्रॅकमध्ये घातलेले मी ऐकले आहेत. तिथे नाचणाऱ्याचा पाय ज्या चालीवर पडतो ते मूळ मी धरतो, बाकीची वाद्यं टिपणात जातात.

त्या ताईंच्या खात्यावर मी शेवटी लिहिलेली नोंद अशी: ‘गरबा हाऊस. 128. हींच, सहाची. एकटा ढोल, ताशा नाही. पॅड चढता, मग कोसळतो. मुद्रणात टाळ्या. गायन नाही.’ पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी वर्णन केलंच नाही. म्हणाल्या, ‘दादा, या वेळी तीनचं नको, सरळ चारचं हवंय, आणि जमावाचा ढोल.’

मी लगेच ढोल-ताशाचं कपाट उघडलं.